एंडोमेट्रिओसिस आणि मासिक पाळीतील वेदना

एंडोमेट्रिओसिस हा गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती गर्भाशयाच्या बाहेर, मुख्यतः ओटीपोटातील अवयवांवर, वाढण्याचा दीर्घकालीन आजार आहे. पाळीच्या दिवसांतील तीव्र वेदना हे त्याचे सर्वांत नेहमीचे लक्षण होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रिया व मुली, म्हणजे जगभरात जवळपास १९ कोटी जणी, या आजाराने ग्रस्त आहेत. तरीही लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत बहुधा अनेक वर्षे जातात. पाळीत पोट दुखणे ही अतिशय सामान्य गोष्ट असल्यामुळे आजाराची वेदना त्या सामान्य वेदनेतच गणली जाते, हे या विलंबाचे एक मोठे कारण आहे.

एखाद्या महिन्यापुरते पाहिल्यास या दोन्ही वेदना पुष्कळदा सारख्याच वाटतात. ओटीपोटात कळा येतात, कंबर भरून येते, मांड्यांपर्यंत वेदना उतरते, मळमळते. त्यांतील फरक काही वर्षांचा क्रम पाहिल्यावर अधिक स्पष्ट होतो. साधी वेदना वयाबरोबर बहुधा तेवढीच राहते किंवा उतरते. एंडोमेट्रिओसिसची वेदना मात्र अनेकींमध्ये वाढत जाते, पाळीच्या आधीच सुरू होऊ लागते आणि कालांतराने पाळीपुरती मर्यादित राहत नाही.

## साध्या वेदनेचे स्वरूप

पाळीतील वेदनेला वैद्यकशास्त्रात कष्टार्तव म्हणतात. ओटीपोटात कोणताही दुसरा आजार नसताना होणारी वेदना म्हणजे प्राथमिक कष्टार्तव, आणि एखाद्या आजारामुळे होणारी ती दुय्यम कष्टार्तव. बोलीभाषेत ‘पाळीत पोट दुखणे’ या एकाच शब्दप्रयोगात दोन्हींचा समावेश होतो.

प्राथमिक कष्टार्तव बहुधा पहिल्या पाळीबरोबर सुरू होत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत बऱ्याचदा बीजोत्सर्ग होत नसतो आणि पाळी अनियमित असली तरी फारशी दुखत नाही. बीजोत्सर्ग नियमित होऊ लागला की, साधारणपणे पहिल्या पाळीनंतर सहा महिने ते दोन वर्षांच्या काळात, वेदना सुरू होते. पाळीच्या अगोदर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी घसरते आणि गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू जोराने आकुंचन पावतात, त्यांतील रक्तप्रवाह काही क्षण कमी पडतो आणि कळ येते. हीच द्रव्ये रक्तात मिसळल्यामुळे काहींना त्या दिवशी जुलाब, उलट्या किंवा डोकेदुखी होते. म्हणून पाळीच्या पहिल्या दिवशी पातळ शौचाला होणे हे एवढ्यावरून आजाराचे लक्षण ठरत नाही.

अशी वेदना रक्तस्राव सुरू होताना किंवा त्याच्या काही तास आधी येते, पहिल्या दिवशी सर्वाधिक असते आणि बहुधा दोन-तीन दिवसांत पूर्णपणे थांबते. उरलेला महिना वेदनारहित असतो. चरकसंहितेत ‘उदावर्तिनी’ या नावाने वर्णिलेल्या व्याधीत रक्त बाहेर पडताच आराम मिळतो असे म्हटले आहे. स्राव मोकळा झाल्यावर कळ उतरण्याचा हा अनुभव प्राचीन वैद्यांच्याही नजरेतून सुटलेला नव्हता.

मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन यांसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याची क्रियाच रोखतात. त्यामुळे कळ शिगेला पोहोचल्यावर घेण्यापेक्षा स्राव सुरू होताच किंवा त्याची चाहूल लागताच, काही खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने दोन-तीन दिवस घेतल्यास ती अधिक उपयोगी पडतात. ‘गोळीने काही होत नाही’ अशा तक्रारींपैकी काही केवळ गोळी उशिरा किंवा एकदाच घेतल्यामुळे असतात. आम्लपित्ताचा व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा या औषधांनी वाढणारा दमा असल्यास ती टाळावी लागतात. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि आंतरिक अवयवांना इजा अशी गंभीर प्रतिक्रिया उद्भवू शकते, अशी सूचना भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ मध्ये दिली होती.

## एंडोमेट्रिओसिसमध्ये वेदना का वाढते

गर्भाशयाबाहेरच्या या ऊतीचे ठिपके किंवा गाठी बीजकोशांवर, उदरपोकळीच्या आतील पातळ आवरणावर, गर्भाशयाला मागून धरणाऱ्या बंधांवर आणि गर्भाशय व गुदाशय यांमधील खोलगट जागेत विशेषकरून आढळतात. मूत्राशय, आतडे आणि क्वचित श्वासपटलही त्यातून सुटत नाही. सिझेरियनच्या व्रणात अशी ऊती रुजल्यास पाळीच्या दिवसांत त्या जागी दुखरी गाठ फुगते.

ही ऊती तेथे कशी पोहोचते, याचे सर्वांत परिचित स्पष्टीकरण अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडले. पाळीचे काही रक्त बीजनलिकांतून उलटे उदरपोकळीत जाते आणि त्यातील पेशी तेथे रुजतात, असे त्यांचे मत होते. मात्र असा उलटा प्रवाह बहुसंख्य स्त्रियांत होतो आणि आजार थोड्याच जणींना होतो. त्यामुळे आनुवंशिकता, रोगप्रतिकारक्षमतेतील बदल आणि इतर कारणांचाही विचार करावा लागतो. आई किंवा बहिणीला आजार असल्यास धोका वाढतो. अस्वच्छता, पाळीत केलेले श्रम किंवा खाण्यातील एखादी चूक यांमुळे तो होत नाही.

ही ऊतीही इस्ट्रोजेनला प्रतिसाद देते. पाळीच्या वेळी तिच्यातून रक्तस्राव होतो, पण गर्भाशयातील रक्ताप्रमाणे या रक्ताला बाहेर पडण्याची वाट नसते. त्यामुळे भोवतालच्या भागाचा दाह होतो. दाहातून प्रोस्टाग्लँडिन वाढतात, त्यांच्या प्रभावाने या गाठी स्वतःच इस्ट्रोजेन बनवू लागतात आणि ते इस्ट्रोजेन पुन्हा त्याच गाठींना पोसते. असे चक्र प्रत्येक पाळीगणिक फिरत राहते. दाह शमताना तंतुमय ऊती तयार होऊन अवयव एकमेकांना चिकटतात. मग शौचाच्या वेळी किंवा संभोगात हे चिकटलेले भाग ताणले जातात आणि खोलवर दुखते.

वेदना वाढण्यामागे मज्जासंस्थेचाही मोठा वाटा असतो. गाठींच्या भोवती नव्या मज्जातंतूंची वाढ होते. वर्षानुवर्षे वेदनेचे संदेश येत राहिल्यास मज्जारज्जू आणि मेंदू त्यांबाबत अतिसंवेदनशील होतात, आणि पूर्वी ज्याने दुखले नसते अशा साध्या दाबानेही दुखू लागते. वेदनेच्या भीतीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले राहतात व तेही दुखतात. याच कारणामुळे वेदना आणि गाठींचा आकार यांचे प्रमाण जुळत नाही. शस्त्रक्रियेत दिसणाऱ्या विस्तारावरून आजाराचे चार टप्पे मानले जातात. परंतु पहिल्या टप्प्यातील स्त्री वेदनेने अंथरुणाला खिळलेली असू शकते, तर चौथ्या टप्प्यातील एखादीला मूल न होण्याच्या तपासणीतच आजाराचा पत्ता लागतो. वाढती वेदना म्हणजे गाठी वाढतच आहेत, असाही अर्थ होत नाही. काहींच्या गाठी वाढतात, काहींच्या तशाच राहतात, तर काहींच्या आक्रसतात.

## एक उदाहरण

पुढील उदाहरण कोणा एका रुग्णाचे नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांसमोर येणाऱ्या अनेक इतिहासांत जो क्रम दिसतो, तो येथे एकत्र मांडला आहे.

एका मुलीला तेराव्या वर्षी पाळी आली. चौदाव्या वर्षापासून पहिल्या दिवशी पोट दुखू लागले. एका गोळीने ते थांबे आणि शाळा क्वचितच बुडे. येथपर्यंतचा इतिहास प्राथमिक कष्टार्तवाचा म्हणता येतो. सतराव्या वर्षी एक गोळी पुरेनाशी झाली आणि दुखणे तीन दिवस टिकू लागले. बारावीच्या वर्षात प्रत्येक महिन्याला दोन दिवस महाविद्यालय बुडू लागले. घरात आईलाही असेच दुखत असे, म्हणून ‘आपल्याकडे सगळ्यांचंच असं असतं, लग्न झालं की थांबेल’ असे तिला सांगण्यात आले. आईलाही दुखत असे, या माहितीने येथे सर्वांना धीर दिला. आनुवंशिकता लक्षात घेतली असती, तर तीच माहिती संशय वाढवणारी ठरली असती.

विसाव्या वर्षी वेदना स्राव सुरू होण्याच्या दोन दिवस आधीच येऊ लागली. पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना गुदाशयात सुरी फिरवल्यासारखे दुखे, इतर दिवसांत मात्र नाही. पोटावरून केलेली सोनोग्राफी ‘सर्वसामान्य’ आली, आणि तिच्यावर आतड्याच्या तक्रारीसाठी उपचार झाले. या टप्प्यावर तीन गोष्टी जुळत होत्या. वेदना वर्षागणिक वाढली होती, ती स्रावाच्या आधी येत होती आणि शौचाची वेदना पाळीशी बांधलेली होती. एंडोमेट्रिओसिसचा संशय घेण्यास एवढे पुरेसे होते. सोनोग्राफीच्या अहवालामुळे तो संशय घेतला गेला नाही.

चोविसाव्या वर्षी लग्न झाले. संभोगाच्या वेळी खोलवर दुखू लागले, पण ते कोणाला सांगणे तिला जमले नाही. दोन वर्षे गर्भधारणा न झाल्यामुळे वंध्यत्वाच्या तपासणीसाठी गेल्यावर योनिमार्गातून सोनोग्राफी झाली. डाव्या बीजकोशात चार सेंटिमीटरची, आत दाट द्रव असलेली गाठ आढळली. जुन्या, घट्ट झालेल्या रक्तामुळे तपकिरी दिसणाऱ्या या गाठीला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. गर्भाशय मागच्या बाजूला गुदाशयाला चिकटलेले होते. संशय घेता येण्याजोगी लक्षणे दिसल्यापासून निदानापर्यंत सहा वर्षे गेली होती, आणि या काळात ज्या वेदनेची दखल घेतली गेली नाही, तिचा शोध अखेर मूल न होण्याच्या तक्रारीमुळे लागला. अशा इतिहासांत हा भाग वारंवार आढळतो.

## दोन्हींतील फरक कसा ओळखावा

कोणतेही एक लक्षण निर्णायक नसते. वेदनेची तीव्रता तर सर्वांत कमी उपयोगाची, कारण साधी वेदनाही फार तीव्र असू शकते. त्याऐवजी वेदनेची वेळ, जागा आणि दिशा विचारली जाते. स्रावाच्या एक-दोन दिवस किंवा त्याहून आधी सुरू होऊन स्राव थांबल्यावरही रेंगाळणारी, पाळीतच शौच किंवा लघवी करताना होणारी, संभोगात खोलवर जाणवणारी आणि मागील वर्षांपेक्षा अधिक दिवस व्यापणारी वेदना आजाराकडे निर्देश करते. पूर्वी साधी वेदना असणाऱ्या स्त्रीलाही पुढे एंडोमेट्रिओसिस होऊ शकतो किंवा दोन्ही एकत्र असू शकतात.

वर्षांचा क्रम तपासण्याच्या या पद्धतीला मर्यादा आहेत. काही मुलींमध्ये एंडोमेट्रिओसिसची वेदना पहिल्या काही पाळ्यांपासूनच तीव्र असते. त्यामुळे ‘वाढली नाही, म्हणजे आजार नाही’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. उलट, वाढत जाणारी वेदना इतर कारणांनीही येते. गर्भाशयाच्या अस्तराची ऊती त्याच्याच स्नायूत शिरण्याचा ॲडेनोमायोसिस हा विकार, गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी, ओटीपोटातील जंतुसंसर्ग आणि भारतात विशेष लक्षात ठेवावा लागणारा जननमार्गाचा क्षयरोग ही त्यांपैकी काही होत. क्षयरोग व एंडोमेट्रिओसिस या दोन्हींत ओटीपोटातील वेदना, वंध्यत्व आणि चिकटलेले अवयव दिसू शकतात.

औषधाला मिळणारा प्रतिसाद हीदेखील एक खूण आहे. अमेरिकेतील प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१८ मध्ये किशोरवयीन मुलींबाबत दिलेल्या मतानुसार, वेदनाशामक व संप्रेरकांचा उपचार योग्य रीतीने घेऊनही तीन ते सहा महिन्यांत आराम न पडल्यास दुय्यम कारणाचा शोध घ्यावा. ही खूण मात्र एकाच बाजूने चालते. त्या औषधांनी आराम पडला म्हणून एंडोमेट्रिओसिस नाही असे सिद्ध होत नाही, कारण त्याची वेदनाही त्यांनी कमी होते.

डॉक्टरांकडे जाताना दोन-तीन पाळ्यांची नोंद जवळ असल्यास पुष्कळ मदत होते. स्राव सुरू होण्याच्या किती दिवस आधी दुखले, शून्य ते दहा या मापावर किती, कोणती गोळी केव्हा घेतली व किती वेळ आराम पडला, शौच, लघवी व संभोग यांत दुखले का, आणि शाळा किंवा काम किती दिवस बुडाले, एवढे साध्या दिनदर्शिकेवर लिहिता येते. ‘फार दुखते’ या वाक्यातून जे कळत नाही, ते अशा एका पानातून दिसते.

## निदान

दीर्घकाळ दुर्बिणीद्वारे केलेली शस्त्रक्रिया म्हणजे लॅप्रोस्कोपी हाच निदानाचा अंतिम निकष मानला जात असे. युरोपातील प्रजनन व भ्रूणशास्त्र संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही भूमिका बदलली. आता लक्षणे, तपासणी आणि योनिमार्गातील सोनोग्राफी किंवा एमआरआय यांवरून उपचार सुरू करता येतात. शस्त्रक्रिया मुख्यतः चित्रण-तपासणीत काही न आढळलेल्या किंवा औषधांनी बरे न वाटणाऱ्या स्त्रियांसाठी राखली जाते.

चॉकलेट सिस्ट सोनोग्राफीत बहुधा चांगली दिसते. खोलवर रुजलेल्या गाठी अनुभवी तपासनीसाला ओळखता येतात. आवरणावरचे बारीक, उथळ ठिपके मात्र सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. म्हणून ‘सर्वसामान्य’ अहवालाने आजार नाकारला जात नाही. अविवाहित मुलींची तपासणी भारतात बहुधा पोटावरूनच होते आणि तिच्यात खोलवरचे भाग कमी स्पष्ट दिसतात. अशा वेळी एमआरआयचा पर्याय असतो. सीए-१२५ ही रक्तचाचणी निदानासाठी विश्वासार्ह नाही. ती इतर अनेक कारणांनी वाढते आणि आजार असतानाही सामान्य राहू शकते.

अचानक उठलेली असह्य वेदना, ताप, चक्कर येऊन पडणे किंवा पाळी चुकलेली असताना दुखणे यांचा या दीर्घ इतिहासाशी संबंध जोडून थांबू नये. सिस्ट फुटणे, बीजकोशाला पीळ पडणे किंवा नलिकेतील गर्भधारणा यांमुळे तसे होऊ शकते आणि तातडीने रुग्णालयात जावे लागते.

## उपचार

आजार समूळ नष्ट करणारा उपचार उपलब्ध नाही. उपचाराचा उद्देश वेदना आटोक्यात ठेवणे आणि हवी असल्यास गर्भधारणा साधणे हा असतो. हे दोन उद्देश एकाच वेळी साधतातच असे नाही, कारण वेदनेवरील संप्रेरके घेत असताना बहुधा गर्भधारणा होत नाही.

वेदनाशामकांसोबत गर्भनिरोधक गोळ्या किंवा डायनोजेस्टसारखे प्रोजेस्टेरॉनच्या गटातील औषध प्रथम दिले जाते. गोळ्या मध्ये खंड न पाडता घेतल्यास पाळीच येत नाही व त्यामुळे दर महिन्याचा दाह टळतो. गर्भाशयात बसवण्याचे संप्रेरकयुक्त साधन हाही एक पर्याय आहे. डायनोजेस्टमुळे सुरुवातीला अनियमित डाग पडतात. हे आधी सांगितले नसेल, तर अनेकजणी ते औषध सोडून देतात. पूर्वसूचक लक्षणांसह अर्धशिशी असलेल्या किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या देत नाहीत. बीजकोशांचे कार्य काही काळ थांबवणारी इंजेक्शने परिणामकारक असतात, पण त्यांच्यामुळे हाडांची घनता घटते. त्यामुळे ती मर्यादित काळ आणि पूरक संप्रेरकांसोबत वापरली जातात.

शस्त्रक्रियेत गाठी काढून चिकटलेले अवयव मोकळे केले जातात. पुष्कळ जणींना आराम मिळतो, परंतु आजार पुन्हा उद्भवू शकतो. म्हणून लगेच गर्भधारणा नको असल्यास शस्त्रक्रियेनंतर संप्रेरके चालू ठेवतात. चॉकलेट सिस्ट काढताना बीजकोशाची निरोगी ऊतीही निघून जाऊ शकते व बीजांचा साठा घटतो. वरील उदाहरणातील स्त्रीसारख्या, मूल हव्या असलेल्या रुग्णेबाबत या कारणाने शस्त्रक्रिया आधी की कृत्रिम गर्भधारणेचा उपचार आधी, हा निर्णय वय, बीजसाठा व वेदना पाहून घ्यावा लागतो. ओटीपोटाच्या स्नायूंसाठी भौतिकोपचार वेदनेचा एक भाग कमी करू शकतात.

लग्न किंवा बाळंतपण हा या आजारावरचा उपाय नाही. गरोदरपणात व स्तनपानात पाळी थांबल्यामुळे काहींना तात्पुरता आराम पडतो, आणि पाळी परतल्यावर वेदनाही परतू शकते. गर्भाशय काढणे हाही खात्रीचा उपाय नव्हे, कारण आजार गर्भाशयाबाहेर असतो आणि गाठी मागे राहिल्यास दुखणे चालू राहते. महाराष्ट्रात तरुण वयात गर्भाशय काढण्याचा प्रश्न बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या संदर्भात २०१९ मध्ये ऐरणीवर आला आणि राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. त्या स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस होता असे नाही. पाळीच्या तक्रारीचे नेमके कारण न शोधता थेट गर्भाशय काढण्याची वाट मात्र त्यातून उघड झाली. बीजकोशही काढल्यास अकाली रजोनिवृत्ती येऊन हाडे व हृदय यांचे धोके वाढतात. म्हणून ही शस्त्रक्रिया इतर उपाय थकल्यावर, अपत्य नको असल्याचे निश्चित झाल्यावर आणि दिसणाऱ्या सर्व गाठी त्याच वेळी काढण्याच्या तयारीनेच केली जाते.